भट्टी सांगायची नाही

मला माडीवर कामाला घेतलं ते मला काही येत नव्हतं म्हणून. खरंच तेच कारण होतं.

जळगावात एका डाळ-धान्याच्या दुकानाच्या गोदामात मी पोत्यांची तोंडं शिवत असे. शाळा आठवीत सुटलेली. घर पिंपळनेरच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. जायचं तर धुळ्याला गाडी बदलायची, पुढे मिळेल त्या जीपला लोंबकळायचं. दुकानाचं घराणं फार पूर्वी राजस्थानातून आलेलं. मोठे शेठ गल्ल्यावर बसत आणि त्यांचा मुलगा, ज्याला आम्ही सगळे छोटे शेठ म्हणायचो, तो वरच्या माडीवर कॉम्प्युटरचा खेळ बनवायचा. त्याच्या जोडीला एक ताई होती. ती पुण्याला शिकून परत आलेली. खेळात कशापासून काय बनेल, ते खेळणाऱ्याला कधी आणि कसं कळेल, हे ठरवणं तिचं काम. ते कॉम्प्युटरला समजेल असं लिहून काढणं छोट्या शेठांचं.

मोठे शेठ रोज संध्याकाळी जिन्याकडे तोंड करून विचारायचे, "आज किती क्विंटल खेळ निघाला?" वरून फक्त कीबोर्डची टकटक यायची.

एका दुपारी छोटे शेठ गोदामात आले. "गेम खेळलायस कधी?"

"नाही शेठ."

"मोबाईलवरसुद्धा?"

"तो सापाचा. तेवढाच."

त्यांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं काहीतरी चुकीचं बोललो. "चल वर," म्हणाले. "हात पुसून घे."

वर कूलर घरघरत होता. ताईने मला खुर्चीवर बसवलं, माऊस हातात दिला, कुठलं बटण दाबलं की माणूस चालतो ते दाखवलं आणि म्हणाली, "आता मला काही विचारायचं नाही. मी सांगणार नाही. मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहा. मूर्खासारखं वाटलं तरी बोल."

खेळात मी एका नदीकाठी जागा झालो. अंगावर लंगोटी, हातात काही नाही. सांगणारं कोणी नाही. मी इकडेतिकडे फिरलो. एक डहाळी उचलली, तर पडद्याच्या कोपऱ्यात चमकलं आणि एक चित्र उघडलं: काठी. दगड उचलला, दुसरं चित्र: हातकुऱ्हाड. पण ते अंधुक, कारण तिला बांधायला दोरा लागतो आणि दोरा गवताच्या तंतूंचा होतो. गवत उपटलं तेव्हा ते चित्र उजळलं. कुऱ्हाड झाली. मग कळलं की आतापर्यंत मी ज्या झाडाला हातांनी मारत होतो ते हातांनी पडणारच नव्हतं. कुऱ्हाडीने पडलं. लाकडातून एक मेज बनलं, आणि मेजाजवळ उभं राहिलं तरच मोठ्या वस्तू बनवता येऊ लागल्या. दोन पावलं लांब गेलं की त्या पुन्हा बंद.

मी सगळं मोठ्याने बोलत होतो, अर्धं अहिराणीत. एकदा रानडुकराने मला मारलं. खेळातल्या थैलीत जमवलेलं सगळं तिथेच सांडलं आणि मी परत नदीकाठी उघडा. "गेलं बठ्ठं," मी म्हणालो. पण चित्रं बघतो तर ती तशीच होती. वस्तू गेल्या, बनवायच्या रीती राहिल्या.

मागे ताई भराभर लिहीत होती. उठताना तिने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "उद्या येशील?"

मी दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो. काही दिवसांनी छोट्या शेठांनी वडिलांना सांगितलं की हा दुपारपासून वर लागेल. घरी फोन केला तेव्हा आईला काय काम आहे ते समजावता आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "काम पक्कं शे का?"

तोच प्रश्न मला झोपू देत नव्हता. कारण माझ्या लक्षात यायला लागलं होतं की मी रोज थोडा थोडा निकामी होतोय. पहिल्या दिवशी मी कुठे अडखळतो ते ताईला हवं होतं. आता मी अडखळत नव्हतो. कुऱ्हाड कशी होते ते विसरता येत नाही. ताई एखादं चित्र बदलायची, जागा बदलायची, मला बसवायची, आणि माझा हात आपोआप बरोबर जागी जायचा. ती पेन ठेवून द्यायची. रागवायची नाही.

तिने मला पुष्कळ सांगितलं, त्याबद्दल मी तिचा कायम ऋणी आहे. जेवताना दुसरे खेळ उघडून दाखवायची. काहींत सगळ्या रीतींची यादी पहिल्यापासून उघडी असते, फक्त माल गोळा करायचा. काहींत माल हाताला लागला की रीत उघडते, आपण करतो तसं. काहींत जुन्या घरांत, पेट्यांत नकाशे सापडतात आणि ते वाचले की मोठी हत्यारं कळतात. काहींत चौकटी असतात आणि कुठली वस्तू कुठल्या घरात ठेवली त्यावर ठरतं. तीच लाकडं आडवी मांडली तर एक आणि उभी मांडली तर दुसरं. आणि काहींत काहीच सांगत नाहीत, टाकून बघा म्हणतात. "मग लोक काय करतात?" मी विचारलं. "दुसऱ्या खिडकीत इंटरनेट उघडून बघतात," ती म्हणाली. "आणि तिथे शोधायचं संपतं. मला ते नकोय."

म्हणून तिने आमच्या खेळात दोन तऱ्हा केल्या होत्या. साध्या वस्तू हात लागताच उघडायच्या. मोठ्या वस्तू मात्र मेजावर स्वतः जुळवायच्या: तीन खाचा, त्यांत तीन वस्तू ठेवायच्या, क्रमाला महत्त्व नाही. जुळलं तर वस्तू तयार आणि रीत कायमची तुमची. नाही जुळलं तर काही नाही. आधी न जुळलेल्या वस्तू जळून जायच्या, पण त्यामुळे दोनदा फसलेला माणूस तिसऱ्यांदा हात लावेना, म्हणून आता त्या परत मिळत. हे दुरुस्त झालं होतं. भट्टीचं नव्हतं.

भट्टी झाली तरच तांब्याचा दगड वितळणार, तांब्याची कुदळ होणार, आणि कुदळीनेच पलीकडच्या वाटेवरची दरड फुटणार. दरड फुटली की आमचा नमुना, म्हणजे खेळाचा दाखवायचा पहिला तुकडा, संपायचा. हा नमुना इंटरनेटवरच्या एका मेळ्यात पाठवायचा होता. तिथे जगभरचे लोक नवे खेळ थोडे थोडे खेळून बघतात. घेतला तर खेळ पुढे चालेल. नाही घेतला तर माडी मोठ्या शेठांना तुरीच्या पोत्यांसाठी हवीच होती.

भट्टीची रीत होती चिकणमाती, दगड आणि वाळलेलं गवत. एवढी सोपी, पण मेजापर्यंत पोचेतो थैलीत डझनभर जातीचा माल जमलेला असतो. छोटे शेठ म्हणाले, बारांतून तीन निवडायच्या तर दोनशेच्या वर जुळण्या होतात. "दोनशे वेळा कोण ठेवून बघेल? मी नाही बघणार."

"म्हणून तर माती नदीजवळ ठेवलीय, भट्ट्यांचे पडके अवशेष दाखवलेत," ताई म्हणाली. "बघणाऱ्याला दिसतं."

"तुला दिसतं. तू ठेवलेस."

या भांडणावर उतारा म्हणजे नवी माणसं. ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही अशी. माणसं आणायचं आणि त्यांच्या मागे बसून ती काय काय करतात ते टिपायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, वाचलो. ताईने एकच अट घातली. "तोंडातून शब्द नाही. भट्टी सांगायची नाही. कोणी रडकुंडीला आलं तरी नाही."

मी माणसं आणली. शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा भाचा, कॉलेजातल्या दोन मुली, रिक्षा चालवणारा एक जण. मी मागे बसायचो. कसं सांगू काय व्हायचं. माणूस मेजासमोर उभा, थैलीत माती, दगड, गवत तिन्ही आहेत, आणि तो खाचेत ठेवतोय मासा. मासा, पीस आणि शिंग. तो माती उचलायचा, ठेवायचा, परत काढायचा. मी जीभ दातांत धरून बसायचो. पण शब्द काढला नाही, आणि सगळ्यांनी भट्टी केली. कोणाला थोडा वेळ लागला, कोणाला जास्त, पण केली.

ताई खूश झाली. छोट्या शेठांनी हार मानली. "ठीक आहे, दिसतं तर दिसतं." मेळ्याला पाठवायची तयारी सुरू झाली. ताईने सहज म्हटलं, अजून एक माणूस बघू, जरा वयाचं.

मी अक्कांना विचारलं. अक्का चौकात डबे करून देत. आम्हा तिघांचा डबा त्यांचाच, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि त्यावर झणझणीत काहीतरी. दुपारी डबे गेले की त्या मोबाईलवर फळं जुळवायचा खेळ खेळत, म्हणून सुचलं.

"माले काय भेटी?" त्यांनी विचारलं.

"चहा."

"तुना शेठना घरना चहा? पानी शे ते." पण आल्या.

त्या दिवशी ताई आणि छोटे शेठ दोघेही बाजूलाच बसले होते. अक्का चष्मा लावून बसल्या. डुकराला पहिल्याच झटक्यात मारून त्यांनी आम्हाला चकित केलं. मेज केलं. मग भट्टी जुळवायच्या टप्प्याशी आल्या आणि थैलीतल्या वस्तूंवर बाण फिरवू लागल्या, अगदी सावकाश, एकेका वस्तूवर थांबत, बाजारात वांगी निवडावी तशा. पिसावर थांबल्या. माशावर थांबल्या. मातीवर आल्या आणि लगेच उचलून खाचेत टाकली. पुन्हा फिरवलं. दगडावर आल्या, टाकला. गवतावर आल्या, टाकलं. भट्टी पेटली.

"वा अक्का," ताई म्हणाली. "माती कशी ओळखली?"

अक्का वळल्या. "मी कसाले ओळखू? याले विचार." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "याची खुर्ची बोलस ना. चुकीचं धरलं तं गप. बरोबर जागी हात गया का, करकर करस."

ताईने वळून माझ्या खुर्चीकडे पाहिलं. अक्कांना वाटलं आमचा विश्वास बसला नाही, म्हणून त्यांनी करून दाखवलं. "बस रे जरा," मला म्हणाल्या, आणि बाण परत थैलीवर फिरवू लागल्या. मी जीव तोडून स्थिर बसलो. बाण मातीवर आला आणि खुर्ची करकरली. मी हललो कधी, मला कळलंसुद्धा नाही.

"बघ," अक्का म्हणाल्या. "आते चहा."

छोटे शेठ हसायला लागले. ताई हसली नाही. तिने आधीच्या खेळांची रेकॉर्डिंगं लावली. पडद्याबरोबर खोलीतला आवाजही टिपलेला होता. झेरॉक्सवाल्याच्या भाच्याच्या वेळी करकर. मुलींच्या वेळी करकर. रिक्षावाला तर एकदा खुर्ची वाजल्यावर हसलेला ऐकू येत होता. ताई एकेक ऐकत गेली आणि मी कूलरच्या पाण्याकडे बघत राहिलो. सगळ्यांना भट्टी सापडली होती ती माझ्यामुळे. नमुना मेळ्यात गेला असता, जगभरचे लोक मेजासमोर मासा ठेवून बसले असते, आणि त्यांच्या मागे कोणाचीच खुर्ची नसती.

"उद्या याच्याशिवाय करून बघू," ताई म्हणाली. "याला बाहेर बसवू."

तसं केलं. नव्या तीन माणसांपैकी एकालाही भट्टी जमली नाही. एकाने इंटरनेट उघडून पाहू का म्हणून विचारलं. तसा नमुना पाठवला नाही, आणि मेळ्याला पाठवायची मुदत निघून गेली. आता पुढच्या खेपेपर्यंत थांबायचं होतं. मोठ्या शेठांनी जिन्यात उभं राहून विचारलं, "म्हणजे तूर कुठे ठेवू?" आणि यावेळी छोटे शेठ खाली जाऊन त्यांच्याशी बोलत बसले.

मी माझी चप्पल जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवायला लागलो. म्हणजे जायला सांगितलं तर वर दारात चप्पल शोधत थांबावं लागू नये. आईचा फोन आला की विषय बदलायचो: पाऊस किती, बैल कसा आहे. ती पक्क्या-कच्च्याचं विचारायची आणि मी म्हणायचो, रेंज जातेय.

एका सकाळी ताईने मला हाक मारली. तिच्या पडद्यावर मेज होतं. "खुर्ची नेमकी कधी वाजते?" तिने विचारलं.

"ताई, मी आता बसणारच नाही ना."

"ते नाही विचारत. एक बरोबर वस्तू ठेवली की वाजते, की दोन ठेवल्या की?"

मी विचार केला. लाज बाजूला ठेवून खरंच आठवून पाहिलं. "बरोबर वस्तूवर हात गेला की सुरू होते. दोन जुळल्या की मग राहवतच नाही."

"आणि चुकीच्या तिन्ही असल्या की?"

"तेव्हा मला काही वाटत नाही. तेव्हा नुसतं बसवतं."

ती आणि छोटे शेठ दोन दिवस त्यावर भांडले. एकेक बरोबर वस्तू सांगून टाकली तर शोधायला काय उरलं, असं ताईचं म्हणणं. काहीच सांगितलं नाही तर दोनशे जुळण्या आहेतच, असं छोट्या शेठांचं. शेवटी ठरलं की तीनपैकी दोन वस्तू एकाच रीतीतल्या असल्या तर मेज ठक करून वाजेल आणि तिसऱ्या खाचेत होऊ घातलेल्या वस्तूची सावली उमटेल, नाव नाही, फक्त आकार. एकच बरोबर असेल तर मेज गप्प. आणि सावली एकदा दिसली की ती पाठ राहते, मेलं तरी. शेठ लिहीत होते आणि मी तोपर्यंत प्रत्येक नव्या माणसाने काय काय ठेवून पाहिलं होतं ते ताईला वाचून दाखवत होतो. एका बाईने माती आणि गवताबरोबर ठेवायला शेण शोधलं होतं, सारवायचं म्हणून. ताई म्हणाली, "बरोबरच आहे तिचं, आमच्या घरीही असंच." पण खेळात गाय नव्हती. एकाने मासा दगडावर ठेवून वाट पाहिली होती, वाळेल म्हणून. त्या नोंदीभोवती ताईने गोल काढून ठेवला.

नव्या मेजावर पहिली बसली ती शिवणकाम करणारी एक मुलगी, दोन गल्ल्या सोडून राहणारी. मला ताईने बाहेर जायला सांगितलं. जिन्यात नको म्हणाली, अगदी खाली जा. मी दुकानाच्या ओट्यावर बसलो. उन्हात हमाल गाडी भरत होते. माडीच्या खिडकीतून काही ऐकू येत नव्हतं. मी उठलो, रस्त्याच्या त्या बाजूला गेलो, परत आलो. मोठ्या शेठांनी गल्ल्यावरून पाहिलं. "बस रे," म्हणाले. "नाहीतर आत ये, तराजू पूस." मी तराजू पुसला. मग दुसरा पुसला.

ती मुलगी बऱ्याच वेळाने खाली आली. चेहरा लाल झालेला. मी ओट्यावरून खाली उतरलो आणि विचारलं, "झालं का?"

"काय झालं का?"

"भट्टी."

ती थांबली. मला नखशिखान्त पाहिलं. "तुम्ही खेळलात हा गेम?"

मी म्हणालो, "थोडा."

"मग मी नाही सांगणार. करून बघा. आधी असं वाटतं की होणारच नाही." आणि ती हसत, ओढणी सावरत निघून गेली. कोपऱ्यावर वळताना तिने मागे बघितलं आणि हाताने काहीतरी ठोकल्यासारखं केलं, ठक.

मोठे शेठ हे सगळं ऐकत होते. त्यांना भट्टी म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण त्यांनी विचारलं, "पास झाला का तुमचा खेळ?"

"झाला असावा, शेठ."

"मग हा तराजू कशाला घासतोयस? जा वर."

मी जिना चढलो. ताई पडद्यासमोरच होती, रेकॉर्डिंग परत लावून बघत. वळून न बघता म्हणाली, "उद्यासाठी एक माणूस शोध. आणि परवासाठी एक. मेळ्यापर्यंत रोज एक लागेल. आणि त्यानंतरही लागतील, पुढे लोखंड आहे."

संध्याकाळी आईचा फोन आला. पावसाचं तिने स्वतःच सांगितलं, बैलाचंही. मग त्या जुन्या प्रश्नाकडे वळली. मी तिला थांबवलं नाही.

"काम पक्कं शे का?"

"शे," मी म्हणालो. "उद्याले माणूस शोधाना शे."

"कोनता माणूस?"

मी सांगायला लागलो, नदीकाठापासून.